खांद्याची सोनोग्राफी: सुप्रास्पायनॅटसमधली फाट ओळखायची कशी

मार्च उजाडला की देवगड, विजयदुर्ग, राजापूर या पट्ट्यात दुखऱ्या खांद्यांची गर्दी वाढते. हापूस उतरवणारा माणूस घळ घेऊन सकाळपासून हात डोक्याच्या वर धरून असतो, आणि हे काम करणारे बरेचसे पन्नाशीच्या आसपासचे असतात. बागेचा हंगाम संपला की पावसाआधी होड्या वर ओढण्याचं काम असतंच. यातले बहुतेक खांदे विश्रांती, औषध आणि व्यायाम यांनी सुधारतात. थोड्यांचा मात्र टेंडन खरोखर फाटलेला असतो, आणि त्यातही अपघाताने नुकताच फाटला असेल तर महिनाभर शेक देत बसणं रुग्णाला महागात पडतं. हा फरक ओळखायला सोनोग्राफी पुरते. खर्च कमी, आणि पहिल्याच तपासणीसाठी कोल्हापूर किंवा बांबोळी गाठावी लागत नाही.

हा लेख अशा डॉक्टरांसाठी आहे ज्यांच्या हाताशी मशीन आहे, पण खांद्यावर प्रोब ठेवला की पडद्यावर करडे पट्टे दिसतात आणि पुढे काय पाहायचं ते कळत नाही. पूर्ण खांदा एका लेखात मावणार नाही. म्हणून मुख्य भर सुप्रास्पायनॅटसवर ठेवला आहे, कारण रोटेटर कफमध्ये सर्वात जास्त फाटतो तो हाच. बाकीचे टेंडन त्याच्या अनुषंगाने येतील.

मशीन आणि बसण्याची पद्धत

पोटाचा कर्व्ह असलेला प्रोब इथे उपयोगाचा नाही. थायरॉइड किंवा रक्तवाहिन्या पाहायला वापरता तो लिनियर प्रोब घ्या. 10 ते 15 मेगाहर्ट्झ उत्तम. अंगापिंडाने भरलेल्या माणसात फ्रिक्वेन्सी थोडी खाली आणावी लागते. डेप्थ 3 ते 4 सेंटिमीटर ठेवा आणि फोकस टेंडनच्या पातळीवर आणा. नवशिक्याची डेप्थ हमखास 6-7 सेंटिमीटरवर असते. मग टेंडन पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात अंग चोरून बसतो आणि मोजण्यासारखं काही उरत नाही.

एक कायद्याची गोष्ट इथेच सांगून टाकतो. तुम्ही फक्त खांदेच पाहणार असलात तरी सोनोग्राफी मशीनची नोंदणी 1994 च्या गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याखाली लागतेच, आणि नोंदवलेल्या जागेबाहेर ते परस्पर हलवता येत नाही. पोर्टेबल मशीन पिशवीत घालून बागेत शिबिर घेण्याचा उत्साह कुणाला आला, तर आधी हा नियम वाचावा.

रुग्णाला पाठ नसलेल्या, फिरणाऱ्या स्टुलावर बसवा. झोपवू नका, कारण हात मागे न्यावा लागतो. तुम्ही त्याच्या समोर बसा किंवा मागे उभे राहा. मला समोरून बरं पडतं, कारण हालचाल करताना दुखलं की चेहऱ्यावर लगेच दिसतं. खांद्याला बाम किंवा तेल चोळलेलं असेल, आणि आमच्याकडे ते असतंच, तर आधी पुसून घ्या. तेलावर प्रोब एका जागी ठरत नाही, आणि या तपासणीत प्रोबचा कोन फार महत्त्वाचा आहे.

प्रोब लावण्याआधी दोन मिनिटं हाताने तपासा. हात स्वतःहून किती वर जातो आणि तुम्ही उचललात तर किती जातो, हे पाहा. दोन्हीकडे अडकत असेल तर तो बहुधा आखडलेला खांदा आहे, आणि त्यात सोनोग्राफीतून फारसं हाती लागत नाही. तुम्ही उचलता तेव्हा पूर्ण वर जातो पण स्वतःहून जात नाही, असा खांदा असेल तर फाटीचा संशय धरून पुढे जा. साधा एक्स-रे आधी झालेला असावा. फ्रॅक्चर, कॅल्शियम आणि सांध्याची झीज त्यात दिसते, आणि सोनोग्राफीत गोंधळ टळतो.

सुरुवात बायसेप्सपासून

सुप्रास्पायनॅटस शोधायचा तर खूण लागते, आणि ती खूण म्हणजे बायसेप्सच्या लांब डोक्याचा टेंडन. रुग्णाचा कोपर काटकोनात, हात मांडीवर, तळवा आकाशाकडे. प्रोब खांद्याच्या पुढच्या बाजूला आडवा ठेवा. हाडाची पांढरी, तेजस्वी रेषा दिसेल आणि तिच्यात एक खळगा. खळग्यात लंबगोल, पांढराशुभ्र ठिपका दिसतो तो बायसेप्स. खळग्याच्या बाहेरच्या बाजूचा उंचवटा म्हणजे ग्रेटर ट्युबरॉसिटी, आतल्या बाजूचा लेसर ट्युबरॉसिटी.

खळगा रिकामा दिसला तर घाई करू नका. प्रोब किंचित वर-खाली कलवा. टेंडनचे तंतू ध्वनिलहरीला काटकोनात असले तरच पांढरे दिसतात. थोडा कोन चुकला की तोच निरोगी टेंडन काळा पडतो. यालाच अनायसोट्रॉपी म्हणतात, आणि पुढे सुप्रास्पायनॅटसमध्ये हीच तुम्हाला सर्वात जास्त चकवणार आहे. बायसेप्सवर प्रोब कलवून त्याला काळ्याचा पांढरा आणि पांढऱ्याचा काळा करून पाहा. हाताला एकदा ती सवय लागली की पुढचं काम सोपं होतं. कितीही कलवला तरी खळगा रिकामाच राहिला, तर टेंडन तुटून खाली गेला आहे किंवा आतल्या बाजूला सरकला आहे. सरकला असेल तर सबस्कॅप्युलॅरिस फाटलेला असण्याची शक्यता बरीच असते.

सबस्कॅप्युलॅरिस पाहायला कोपर अंगाला चिकटवून हात बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगा. प्रोब आडवाच राहू द्या. लेसर ट्युबरॉसिटीवर येऊन चिकटणारा पांढरा पट्टा बाहेर सरकताना दिसेल. उभा प्रोब धरला तर याच टेंडनमध्ये पांढऱ्या पट्ट्यांमधून काळ्या फटी दिसतात. त्या फाटी नव्हेत. अनेक टेंडनच्या मधे स्नायूचे तंतू असतात, ते काळे दिसतात. एवढं पाहून पुढे जा.

हात मागे न्या, मग प्रोब ठेवा

सुप्रास्पायनॅटसचा महत्त्वाचा भाग साध्या स्थितीत अॅक्रोमियन हाडाखाली लपलेला असतो, आणि हाडापलीकडे ध्वनी जात नाही. म्हणून टेंडन पुढे आणावा लागतो. रुग्णाला सांगा, पँटच्या मागच्या खिशावर तळवा ठेवा आणि कोपर मागे न्या. बाहेर फाकवू नका. याला सुधारित क्रॅस स्थिती म्हणतात. मूळ क्रॅस स्थितीत हाताची पालथी बाजू पाठीवर टेकवून हात वर दुसऱ्या खांद्याकडे नेतात. त्यात टेंडन आणखी ताणला जातो, पण बायसेप्सजवळची पुढची कडा आत वळून दिसेनाशी होते, आणि दुखऱ्या माणसाला ते सोसतही नाही. मी सुधारित स्थितीनेच सुरू करतो.

काहींना खिशापर्यंतही हात नेता येत नाही. तेव्हा हात नुसता खाली लोंबता ठेवून जेवढा जमेल तेवढा मागे न्या आणि तेवढ्यावर पाहा. अहवालात स्थिती मर्यादित होती असं लिहा. जोर करून हात मागे नेला तर रुग्ण खांदा उचलतो, आणि सगळी रचनाच हलते.

आता प्रोब खांद्याच्या पुढच्या बाजूला, अॅक्रोमियनच्या पुढच्या कडेखाली ठेवा आणि त्याची दिशा रुग्णाच्या त्याच बाजूच्या कानाकडे करा. ही सुरुवातीची दिशा झाली. अचूक दिशा बायसेप्स सांगतो. सांध्याच्या आत शिरणारा बायसेप्स सुप्रास्पायनॅटसच्या तंतूंना जवळपास समांतर जातो. म्हणून प्रोब थोडा आत सरकवून बायसेप्स उभा, सर्वात लांब दिसेल असा फिरवा, आणि मग दिशा न बदलता मागे सरका. बायसेप्स पडद्यावरून गेला आणि त्याच्या जागी जाड पांढरा पट्टा आला, की तो सुप्रास्पायनॅटस. अंदाजाने प्रोब फिरवत बसण्यापेक्षा ही रीत कितीतरी सरळ आहे.

निरोगी टेंडन कसा दिसतो

पडद्याच्या डाव्या बाजूला मानेकडचा भाग आणि उजव्या बाजूला हाताकडचा भाग ठेवा आणि ही बाजू कधी बदलू नका. तळाशी ह्युमरसच्या डोक्याची गोल, पांढरी रेषा. ती उजवीकडे येताना एक वळण घेते आणि ग्रेटर ट्युबरॉसिटीचा सपाटसर उतार सुरू होतो. डोक्याच्या गोलाईवर कूर्चेचा पातळ काळा थर असतो. तो वळणापाशी संपतो.

या हाडावर पहुडलेला, डावीकडे जाड आणि उजवीकडे निमुळता होत हाडाला चिकटणारा पट्टा म्हणजे टेंडन. त्याचं टोक पोपटाच्या चोचीसारखं बाकदार असतं. आत बारीक, समांतर पांढऱ्या रेषा दिसल्या पाहिजेत. जाडी साधारण 4 ते 6 मिलिमीटर. हाडाला चिकटण्याच्या जागेची लांबी सुमारे 12 मिलिमीटर. या जागेला फूटप्रिंट म्हणतात.

टेंडनची वरची कडा बाहेरच्या दिशेने फुगीर असते, हे नीट डोक्यात ठेवा. तिच्यावर बर्साची बारीक काळी रेषा, तिच्या वर चरबीचा पांढरा पट्टा, आणि त्यावर डेल्टॉइड स्नायू. बर्साची रेषा 2 मिलिमीटरपेक्षा पातळ असते. वरची कडा फुगीर आहे की सपाट झाली आहे, की आत बुडाली आहे, यावर पुढचा अर्धा निर्णय अवलंबून आहे.

काळा भाग दिसला, आता काय

जवळजवळ प्रत्येक नवख्याला फूटप्रिंटपाशी काळा डाग दिसतो. कारण साधं आहे. टेंडनचे तंतू तिथे खाली वळून हाडात घुसतात, आणि सरळ धरलेल्या प्रोबची लहर त्यांच्यावर तिरकी पडते. म्हणजे पुन्हा तीच अनायसोट्रॉपी.

तपासायची रीत अशी. प्रोब जागेवरून न हलवता त्याचं हाताकडचं टोक हलकेच दाबा, म्हणजे प्रोबचा चेहरा त्या उतरत्या तंतूंना समांतर होईल. डाग पांढरा झाला तर टेंडन ठीक. डाग तसाच काळा राहिला तर प्रोब दुसऱ्या दिशेने कलवून पाहा, थोडा हाताकडे सरकवून पाहा. आणि शेवटी प्रोब 90 अंशांत फिरवून आडव्या छेदात तोच भाग पाहा. दोन्ही छेदांत, कुठल्याही कोनात काळाच राहिला, तरच पुढे फाटीचा विचार करायचा. एकाच छेदात दिसलेल्या डागाला मी फाट म्हणत नाही. अहवालात तर मुळीच लिहीत नाही.

कोन बदलूनही काळ्या राहिलेल्या भागात तीन शक्यता उरतात.

पहिली, टेंडिनोसिस. टेंडन जाड झालेला असतो, आतल्या रेषा पुसट असतात, काळेपणा विखुरलेला असतो, पण नेमकी कडा असलेली फट कुठेच नसते. वरची कडा फुगीरच राहते. आंबा उतरवणाऱ्यांत मला सर्वात जास्त दिसतं ते हेच.

दुसरी, अर्धवट फाट. काळी, कडा स्पष्ट असलेली फट टेंडनच्या एकाच बाजूला पोहोचते. सांध्याच्या बाजूची जास्त आढळते. कूर्चेला लागून काळा कोपरा दिसतो, वरची कडा शाबूत असते, आणि खालच्या ग्रेटर ट्युबरॉसिटीवर अनेकदा खडबडीतपणा असतो. हाड खडबडीत दिसलं की त्या जागी दुप्पट वेळ द्या. उलट हाड गुळगुळीत आणि डाग लहान असेल तर आधी स्वतःच्या कोनावर शंका घ्या. बर्साच्या बाजूची फाट वरच्या कडेला खाच पाडते. फाट किती खोल आहे हे लिहावं, अर्ध्या जाडीपेक्षा कमी की जास्त. अर्धवट फाटीत सोनोग्राफी आणि एमआरआय दोन्ही चुकतात, हे रुग्णाला सांगायला हरकत नाही.

तिसरी, पूर्ण जाडीची फाट. फट सांध्याच्या बाजूपासून बर्साच्या बाजूपर्यंत आरपार जाते. ताजी असेल तर फटीत पाणी असतं आणि ती गडद काळी, स्वच्छ दिसते. अशा वेळी आणखी एक खूण मिळते. फटीखाली कूर्चेच्या वरच्या पृष्ठभागावर एक बारीक, चमकदार पांढरी रेषा उमटते. पाण्यातून आलेली लहर कूर्चेवर थेट आदळते म्हणून ती चमकते. निरोगी टेंडनखाली ही रेषा इतकी ठळक दिसत नाही. फक्त लक्षात ठेवा, कूर्चा डोक्यावर असते. फाट नुसत्या फूटप्रिंटवर असेल तर ही खूण मिळणार नाही.

जुनी फाट यापेक्षा फसवी असते. तिच्यात पाणी नसतं. वरचा बर्सा जाड होऊन फटीत बसतो आणि दुरून पाहिलं तर टेंडन आहेच असं वाटतं. इथे वरच्या कडेकडे पाहा. फुगीरपणा गेलेला असतो, चरबीचा पांढरा पट्टा फटीत खाली बुडालेला असतो. प्रोबने हलका दाब द्या. निरोगी टेंडन दबत नाही. फट मात्र मिटते आणि डेल्टॉइड हाडाच्या जवळ येतो. मोठ्या जुन्या फाटीत टेंडन अॅक्रोमियनखाली पार मागे गेलेला असतो आणि डेल्टॉइड थेट हाडावर टेकलेला दिसतो. त्यावेळी "टेंडन दिसत नाही" हेच निदान.

आडवा छेद आणि मोजमाप

आता प्रोब 90 अंशांत फिरवा. ह्युमरसचं गोल डोकं, त्यावर कूर्चेची काळी रेषा आणि तिच्यावर सारख्या जाडीचा टेंडनचा थर दिसतो. एका टोकाला बायसेप्सचा गोल ठिपका येईपर्यंत पुढे सरका. त्याच्या लगेच मागून सुप्रास्पायनॅटस सुरू होतो. बायसेप्स आणि सुप्रास्पायनॅटस यांच्यामधल्या बारीक काळसर जागेला कोणी फाट म्हणू नये. ती रोटेटर इंटरव्हल, प्रत्येकाला असतेच. पहिल्या दीड सेंटिमीटरपर्यंतचा भाग प्रामुख्याने सुप्रास्पायनॅटसचा धरतात. त्यामागे इन्फ्रास्पायनॅटस त्यात मिसळत जातो, आणि तिथे तंतूंची दिशा बदलल्यामुळे पुन्हा एक काळसर पट्टा दिसू शकतो.

प्रत्येक वेळी बायसेप्सपासून मोजत मागे जाणं महत्त्वाचं आहे, कारण वयाने झिजून होणारी फाट बऱ्याचदा बायसेप्सपासून साधारण 15 मिलिमीटर मागे सुरू होते. पुढच्या कडेवर नजर खिळवून बसणाऱ्याला ती दिसत नाही. पडण्या-झडण्याने झालेली फाट मात्र पुष्कळदा अगदी बायसेप्सच्या पाठोपाठ असते.

आडव्या छेदातली आणखी एक गंमत. प्रोब नकळत हाताकडे घसरला तर फूटप्रिंट संपतो आणि हाडावर टेंडनच उरत नाही. तिथे डेल्टॉइड थेट हाडावर टेकलेला दिसणं अगदी नॉर्मल आहे. मोठी फाट सापडल्याचा आनंद होण्याआधी पाहा, खालचं हाड गोल आहे का आणि त्यावर कूर्चा आहे का. हाड सपाट आणि कूर्चा नसेल तर तुम्ही खाली घसरला आहात.

मोजमापं दोनच. उभ्या छेदात टेंडनचं तुटलेलं टोक फूटप्रिंटपासून किती मागे गेलं, आणि आडव्या छेदात फाट पुढून मागे किती रुंद आहे. सर्जन साधारणपणे 1 सेंटिमीटरपेक्षा लहान, 1 ते 3 मध्यम, 3 ते 5 मोठी आणि 5 च्या वर अतिमोठी अशी विभागणी वापरतात. टोक अॅक्रोमियनखाली गेलं असेल तर आकडा देता येत नाही. तसंच लिहा. अंदाजे आकडा लिहू नका.

इन्फ्रास्पायनॅटस आणि स्नायूची अवस्था

फाट सापडली की खूपजण तिथेच थांबतात. पुढचं अर्धं काम बाकी असतं. रुग्णाला हात समोरून विरुद्ध खांद्यावर ठेवायला सांगा, मागे जा आणि प्रोब पाठीवरच्या स्कॅप्युलाच्या कण्याच्या लगेच खाली, आडवा पण बाहेरच्या बाजूला जरा वर, असा ठेवा. इन्फ्रास्पायनॅटस हाडाला चिकटेपर्यंत त्याचा माग काढा. फाट मागे इथपर्यंत पसरली आहे का ते कळतं. सांध्यात पाणी असेल तर मागच्या बाजूला इथेच चटकन दिसतं.

मग कण्याच्या वर प्रोब ठेवून सुप्रास्पायनॅटस स्नायूचा पोटभाग पाहा. निरोगी स्नायू काळसर असतो, मधून टेंडनची पांढरी रेषा स्पष्ट जाते. फाट जुनी असेल तर स्नायूत चरबी शिरते. तो वरच्या ट्रॅपिझियसपेक्षा उजळ दिसू लागतो आणि मधली रेषा पुसट होते. टेंडन शिवून तो टिकेल का, याचा अंदाज सर्जन याच गोष्टीवरून बांधतो. इथे एमआरआय अधिक खात्रीचा आहे, पण तो करायचा की नाही हे ठरवायला एवढं पुरतं.

एक खांदा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

देवगडकडचे एक काका, वय 54, उजव्या हाताचे. एप्रिलच्या शेवटी झाडावरून उतरताना पाय सुटला आणि त्यांनी उजव्या हाताने फांदी धरली. पडले नाहीत, पण खांद्यात काहीतरी तुटल्यासारखं वाटलं. तीन आठवडे मालिश आणि गोळ्या झाल्यावर आले. "हात वर जाणा नाय," एवढीच तक्रार. दुखणं बरंच कमी झालं होतं, म्हणून घरचे म्हणत होते होईल बरं. दुखणं कमी झालं आणि ताकद परत आली नाही, ही जोडी मला नेहमी खटकते.

हात स्वतःहून सुमारे 40 अंश वर जात होता. मी उचलला तर पूर्ण वर. सोडला की खाली पडत होता. बाहेर फिरवण्याची आणि पोटावर दाबण्याची ताकद चांगली होती, म्हणजे इन्फ्रास्पायनॅटस आणि सबस्कॅप्युलॅरिस बहुधा शाबूत. मान वळवल्यावर हातात कळ जात नव्हती आणि दंडावर बधिरपणा नव्हता. हे विचारणं आवश्यक आहे, कारण मानेतल्या पाचव्या नसेच्या दाबानेही हात असाच वर जात नाही. एक्स-रेत फ्रॅक्चर नव्हतं आणि ह्युमरसचं डोकं वर सरकलेलं नव्हतं.

आधी मी डावा, न दुखणारा खांदा पाहिला. तिथे फूटप्रिंटपाशी चांगला मोठा काळा डाग दिसला. प्रोबचं हाताकडचं टोक दाबताच तो पूर्ण भरून पांढरा झाला. टेंडन थोडा जाड होता, एवढंच. याचा फायदा असा की त्या माणसाचा निरोगी टेंडन कोणत्या कोनात कसा दिसतो ते डोळ्यांसमोर राहतं.

उजवीकडे बायसेप्स खळग्यात जागेवर होता, भोवती पाण्याचं कडं. सबस्कॅप्युलॅरिस ठीक. हात खिशावर ठेवायला त्यांना थोडा त्रास झाला, पण जमला. उभ्या छेदात फूटप्रिंट उघडा पडला होता. त्यावर काळं पाणी, आणि टेंडनचं बोथट टोक डावीकडे मागे गेलेलं. टोक दाबलं, कलवलं, सरकवलं, पण काळेपणा हटला नाही. फटीखाली कूर्चेवर चमकदार रेषा. वरचा चरबीचा पट्टा फटीत खाली बुडालेला. बर्सातही पाणी होतं. सांध्यातलं पाणी आणि बर्सातलं पाणी एकत्र दिसलं, की पूर्ण फाटीचा संशय बळावतो.

टोक 17 मिलिमीटर मागे गेलं होतं. आडव्या छेदात फाट बायसेप्सच्या मागे 2 मिलिमीटरवर सुरू होऊन 14 मिलिमीटर रुंद होती. त्यामागचा इन्फ्रास्पायनॅटस शाबूत. ट्युबरॉसिटीचं हाड गुळगुळीत, स्नायू काळसर, मधली रेषा स्पष्ट. म्हणजे ही मध्यम आकाराची, पूर्ण जाडीची फाट होती, आणि हाडाची व स्नायूची अवस्था पाहता ताजी. दोन्ही खांद्यांची चित्रं शेजारी ठेवून काकांना दाखवली, तेव्हा मालिश का लागू पडत नाही हे त्यांना चटकन पटलं.

त्यांना व्यायामावर सोडलं नाही. खांद्याची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनकडे त्याच आठवड्यात पाठवलं. कष्टाचं काम करणाऱ्या माणसाची अपघाताने झालेली ताजी पूर्ण फाट जितकी उशिरा पाहिली जाईल तितकं टोक मागे जातं आणि स्नायू सुकतो. हेच चित्र जर 70 वर्षांच्या, पडल्याचा काही इतिहास नसलेल्या आणि हात नीट वर नेणाऱ्या आजोबांच्या खांद्यात दिसलं असतं, तर मी व्यायामाचा सल्ला दिला असता. उतारवयात काहीही त्रास नसलेल्या खांद्यांतही फाटी सापडतात. चित्रावरून शस्त्रक्रिया ठरत नाही.

अहवालात काय हवं

माझ्या अहवालात कारण, हाताची स्थिती मिळाली की नाही, बायसेप्स कुठे आहे, प्रत्येक टेंडन वेगळा, फाट असेल तर पूर्ण की अर्धवट आणि कोणत्या बाजूची, दोन्ही मोजमापं, बायसेप्सपासूनचं अंतर, हाडाची कडा, स्नायूची अवस्था आणि बर्सा व सांध्यातलं पाणी एवढं असतं. सोबत उभ्या आणि आडव्या छेदाची एकेक छापील प्रत. त्यावर बाजू लिहिलेली हवी, कारण उजवा-डावा गोंधळ इथे हमखास होतो. सांध्याच्या आतली लॅब्रमची कड आणि अॅक्रोमियनखालचा भाग सोनोग्राफीत नीट दिसत नाही. म्हणून तरुण मुलाचा खांदा कबड्डीत निखळला असेल तर त्याचं उत्तर या तपासणीत शोधू नका. त्याला सरळ एमआरआयला पाठवा.